तिसऱ्या वळणाची खबर

जुईखारच्या बांधावर तिवराची एकही फांदी रोवलेली नाही, असा दिवस धर्माजीला आठवत नव्हता. आणि आता असे चार दिवस लागोपाठ गेले होते.

गाव धरमतरच्या खाडीच्या एका फाट्यावर होतं. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि दोन्हींच्या मध्ये पुरुषभर उंचीचा, निव्वळ मातीचा बांध, दीड कोस लांब. त्या बांधाच्या जिवावर गाव जेवायचं. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढली तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही, गवतही धड उगवत नाही. म्हणून गावानं अठरा माणसं बांधाला लावून दिली होती, पुरुष आणि बायका मिळून. त्यांचा म्होरक्या धर्माजी. गेली अकरा वर्षं तोच होता.

या अठरा जणांची एक रीत होती. रोज ओहोटीला दोघं-दोघं बांधावरून फिरायची. कुठं आतल्या अंगाला ओल दिसली, खेकड्याचं बीळ दिसलं, माती भुसभुशीत लागली, की तिथं खाडीकाठच्या तिवराच्या झाडाची एक फांदी मोडून रोवायची. बांध पाझरायला लागला की गावात म्हणत, बांधाला घाम आला. फांदी दिसली की बाकीच्यांनी तिथं जाऊन काम धरायचं, जागा पक्की झाली की फांदी उपटायची. पावसाळा संपताना बांधावर सात-आठ फांद्या कायम असायच्या, कधी बारा. धर्माजी सकाळी बाहेर आला की आधी त्या मोजायचा. फांद्या जास्त दिसल्या की कपाळाला आठी पडायची, कमी दिसल्या की बरं वाटायचं.

आता एकही नव्हती, आणि बरं काही वाटत नव्हतं.

मिठाच्या चळवळीची धामधूम झाली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आश्विन लागला होता. भात निसवलं होतं, कणसात दूध भरत होतं. अवसेचं उधाण बांधाला घासून गेलं होतं, आणि पुढलं उधाण कोजागरीचं, ते नेहमी त्याहून मोठं. अवसेनंतर चौथ्या दिवशी मारुतीच्या पारावर बांधाची बैठक बसली. त्या सकाळीच खाडीपलीकडून निरोप आला होता की तिथल्या एका गावाचा बांध फुटला आणि दोनशे खंडी भाताचं रान खाऱ्या पाण्याखाली गेलं. धर्माजी तो निरोप पोटात घेऊनच पारावर आला. कुणाला सांगितलं नाही.

बैठकीत सदू उठला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, बोलणं मोजकं. तो म्हणाला, "तिसऱ्या वळणावर बांधाला घाम आलाय, दादा. खेकड्यांनी बिळं पाडल्यात. आमी वरून चोपला, पण खालून येतंय."

एवढंच. त्यात काही वावगं नव्हतं. ते सांगायलाच तर बैठक होती.

आणि धर्माजी म्हणाला, "खेकड्यांना कशाला नावं ठेवतोस? तुमच्यापेक्षा खेकडे बरे. ते निदान बांधात राहतात. तुम्ही भरती दिसली की घराकडं पळणारी माणसं."

सदू उभा होता, तो खाली बघायला लागला, मग खाली बसला. पाराच्या कडेला ठमाबाई बसली होती. साठीची, उघाडीची दारं सांभाळणारी. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी दारांची मोरी. ओहोटीला तिच्यातून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला दारं मिटून घ्यायची. पंचवीस वर्षांपूर्वी बांध फुटून खांड पडली, तेव्हा ठमाबाईचा नवरा त्या खांडीत उभा राहिला होता. बाकीचे वर आले, तो आला नाही. ठमाबाईनं पदर सारखा केला आणि समोरच्या वडाकडं बघत राहिली.

मग पुढलं बोलणं झालं. कुणी कुठल्या दिवशी यायचं ते ठरलं. सगळे "व्हय, व्हय" म्हणाले आणि उठले. धर्माजीला वाटलं, चला, जरा टोचलं ते बरंच झालं, आता कामाला धार येईल.

दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर आले. कुणी चुकलं नाही. रांग लागली. खाडीच्या काठचा निळा चिखल कापायचा, त्याचे गोळे हातोहात बांधावर पोचवायचे. एरवी त्या रांगेत नुसता कलकलाट असायचा. देणारा "घे" म्हणायचा, घेणारा "हां" म्हणायचा, मध्येच कुणाची तरी टर उडवायची, ठमाबाई कुणाच्या तरी सासूची नक्कल करायची. त्या दिवशी रांगेत आवाज नव्हता. गोळा हातातून हातात जायचा, कधी मध्येच खाली पडायचा, आणि कुणी हसायचं नाही.

"उजव्या अंगाला कसं काय?" धर्माजीनं विचारलं.

"बरं हाय," सदू म्हणाला.

"उघाडी?"

"बरी हाय," ठमाबाई म्हणाली.

"तिसरं वळण?"

"तुमी सांगितलंत तसं केलंय."

धर्माजीनं काही सांगितलं नव्हतं. हे त्याच्या ध्यानात आलं ते घरी हात धुताना.

पुढले दिवस असेच गेले. विचारलं की बरं हाय. नाही विचारलं तर काहीच नाही. होत्या त्या फांद्याही उपटल्या गेल्या, नवी एकही कुणी रोवली नाही. दीड कोस बांध नुसता उघडा पसरलेला, जसा काही कालच बांधलेला असावा.

षष्ठीला त्यानं एक युक्ती केली. पोहे आणि गूळ घेऊन बांधावर गेला आणि सगळ्यांना दुपारचं बसवलं. पोहे वाटता वाटता म्हणाला, "परवा मी रागात काही बोल्लो असेन. पण बांधाची काळजी असते रं मला. कुणाला लागलं असंल तर मनात ठेवू नका."

सदूनं पोह्यांची मूठ तोंडात टाकली, चावली, गिळली. "न्हाय दादा. कुणाला कशाला लागंल? खेकड्यांना काय लागतंय?"

दोघं-तिघं हसले. ते हसू पूर्वीच्या रांगेतल्या हसण्यासारखं नव्हतं. शिवदास नावाचा गडी होता, तिशीतला. श्रावणात बांधाला खांड पडली तेव्हा फळ्या टिकेनात, म्हणून त्यानं फळ्यांना पाठ लावली आणि ओहोटी लागेपर्यंत तसाच उभा राहिला होता. पाठीचं कातडं सोलून निघालं होतं. त्या शिवदासानं आपल्या वाटचे पोहे उचलले, शेजारच्या बाईच्या पदरात ओतले आणि कुदळ घेऊन निघून गेला.

अष्टमीला धर्माजी एकटाच बांधावर गेला. भांगाचे दिवस, खाडीला जोर नव्हता, भर दुपारी ओहोटी. पाणी चिखलाच्या पार पलीकडं सरकलेलं. चालत चालत तो तिसऱ्या वळणावर पोचला आणि शेताच्या अंगानं खाली उतरला.

माती ओली होती. नुसती ओली नाही. बोट लावलं तर बोटाच्या पेराएवढं आत गेलं, आणि बोट चाटलं तर खारट. त्यानं इकडंतिकडं बघितलं. ओलीच्या समोर चिखलात पावलं उमटलेली होती. दोन माणसांची. टाचा खोल रुतलेल्या, म्हणजे तिथं बराच वेळ कुणीतरी उभं होतं. उभं राहून बघितलं होतं. मग वळून बांधावर चढून गेलं होतं. पावलं कालची असावीत, कडा सुकल्या होत्या.

बघितलं आणि गेले. फांदी रोवली नाही.

धर्माजी तिथंच खाली बसला. ओहोटीला, भांगात, पाणी एवढं लांब असताना ही ओल. कोजागरीला भर दुपारी खाडी या बांधाच्या माथ्याला लागेल. मधे सात दिवस. आणि ही एक जागा त्याला दिसली. न दिसलेल्या किती? दीड कोसाचा बांध एका माणसाच्या डोळ्यांना बघून होत नाही. म्हणून तर छत्तीस डोळे लागतात. ते डोळे रोज बांधावरून फिरत होते, बघत होते, आणि त्याला येऊन सांगत होते, बरं हाय.

त्याला दरदरून घाम सुटला.

घरी मनुबाई तांदूळ पाखडत होती. नवऱ्याचं तोंड बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"तिसरं वळण गळतंय," तो म्हणाला. "त्यांना ठाऊक हाय. मला सांगत न्हाईत."

"का सांगतील?" मनुबाई म्हणाली. "विहिरीवर बाया म्हणत होत्या, सदूनं खबर आणली तर खेकडा ठरला. आता कुणी आणावी?"

"बोल्लो मी त्या दिवशी. मान्य हाय. पण पोहे घेऊन गेलो ना? सांगितलं ना, मनात ठेवू नका?"

"काय सांगितलंत? जसंच्या तसं सांगा बघू."

त्यानं सांगितलं. मनुबाई ऐकत राहिली. ती स्वतः दहा वर्षं बांधाच्या रांगेत उभी राहिलेली बाई होती, गुडघे गेले म्हणून बसली.

"खेकड्याचं बीळ गळत असलं तर तुमी काय करता?" तिनं विचारलं.

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा तर."

"खाडीच्या अंगानं उकरत जायचं. बिळाच्या शेवटापर्यंत. मग पेंढा नि चिखल मळून पायानं तुडवत वर यायचं."

"आणि आतल्या अंगानं नुसता चिखल थापला तर?"

"दोन दिवस गळायचं न्हाय. मग दुसरीकडून फुटंल."

"तुमी पोहे थापलेत," मनुबाई म्हणाली आणि सूप परत हातात घेतलं.

धर्माजी ओटीवर बसला. मग म्हणाला, "एकेकाच्या घरी जाऊन येतो. सदूकडं आधी."

"बोललात सगळ्यांच्या समोर. सदूची मान खाली गेली ती सगळ्यांनी बघितली. तुमची मान त्याच्या घराच्या कोनाड्यात खाली गेली तर ती कोण बघणार? आणि उरलेल्यांना तुमी काय बोल्लात ते सदूनं सांगत फिरायचं का?"

"म्हणजे पारावर?"

"जिथं बोललात तिथंच."

तो उठून अंगणात गेला, परत आला. उभ्या उभ्या बोलून बघायला लागला. "गड्यांनो, त्या दिवशी सकाळी खाडीपलीकडून निरोप आला होता, बांध फुटला म्हणून. माझ्या जिवाला घोर लागला होता. तुमी रातंदीस राबता ते मला ठाऊक हाय, पण उधाण जवळ आलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत न्हाय. माझं तोंड जरा सुटलं. पण माझ्या मनात काही नव्हतं. तुमी माझीच माणसं. पण तुमीसुद्धा..."

"तीन झाले," मनुबाई म्हणाली.

"काय तीन?"

"पण. एकेक पण म्हणजे एकेक बीळ."

"मग निरोपाचं सांगू नको? ते खरं हाय की. भ्यालो होतो मी."

"खरं असंल. तुमी भ्यालात म्हणून ते पळणारे झाले का? भीती तुमची, तुमच्यापाशी ठेवा. कुणी विचारलं तर सांगा."

धर्माजीला राग आला. अकरा वर्षं बांध सांभाळला, एकदाही रान खाऱ्या पाण्याखाली जाऊ दिलं नाही, आणि एका वाक्यासाठी आता अठरा माणसांपुढं उभं राहायचं. आणि मान्य केलं तर उद्या म्होरक्या म्हणून कोण ऐकणार? हातातली दोरी सुटली की सुटली. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. सुपातून तांदळाचा सळसळ आवाज तेवढा येत राहिला. त्या आवाजात त्याला तिसऱ्या वळणावरची ती दोन माणसांची पावलं दिसत राहिली. टाचा खोल रुतलेल्या. त्यांनाही काळजी होती. त्यांचंही भात त्याच बांधामागं होतं. काळजी करत उभे राहिले आणि तरी फांदी रोवावीशी वाटली नाही. एवढं काय केलं होतं आपण?

मग त्यानं त्या दिवशीचं बोलणं जसंच्या तसं मनात म्हणून बघितलं. बोलल्यापासून पहिल्यांदाच. आणि पळणारी माणसं या शब्दाशी आल्यावर पाराच्या कडेला बसलेली ठमाबाई त्याला दिसली. त्या दिवशीही ती तिथंच होती. तेव्हा दिसली नव्हती.

नवमीच्या सकाळी तो स्वतः अठरा घरं फिरला. एरवी बैठकीची हाक गावचा कोतवाल द्यायचा. दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "ओहोटीच्या आधी पारावर या. थोडाच वेळ लागंल."

"काय काम काढलंत?" सदूच्या बायकोनं विचारलं.

"माझंच हाय."

सगळे आले. बांधाच्या हाकेला नाही म्हणायची गावात रीत नव्हती, म्हणून आले. बसले मात्र लांब लांब. सदू वडाच्या मुळीवर, पाठ अर्धी फिरवून. शिवदास बसलाच नाही, कुदळ खांद्यावर घेऊन उभा. ठमाबाई आपल्या नेहमीच्या जागी, पाराच्या कडेला.

धर्माजी पारावर चढला आणि परत खाली उतरला. वरून बोलणं बरं दिसलं नसतं. हात कुठं ठेवावेत कळेना, म्हणून दोन्ही हातांनी उपरण्याची टोकं धरली.

"गेल्या बैठकीत, इथंच, सदू तिसऱ्या वळणाची खबर घेऊन उठला. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा खेकडे बरे, आणि तुमी भरती दिसली की घराकडं पळणारी माणसं."

शब्द पुन्हा उच्चारताना त्याला वाटलं, कुणीतरी उठून जाईल. कुणी उठलं नाही. पण सदूची पाठ ताठ झाली.

"ते खोटं होतं. श्रावणातल्या खांडीत तुमी छातीभर पाण्यात उभे होता. मी काठावरून बघत होतो. हे ठाऊक असून मी तसं बोल्लो. सदूनं त्याचं काम नीट केलं होतं, आणि मी त्याला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं. ठमाकाकी समोर बसली असताना मी पळण्याची गोष्ट काढली." इथं तो थांबला. "माझं चुकलं. मग पोह्यांवर बोल्लो तेही धड न्हवतं. इथून पुढं कुणी बांधाची खबर आणली तर मी आधी तिथं जाऊन बघीन. बोलायचं ते नंतर. एवढंच सांगायचं होतं."

संपलं. पाण्याचा तांब्या भरायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला नव्हता.

वडावर कावळा पंख झाडत होता. धर्माजीच्या जिभेवर पुढलं सगळं येऊन उभं राहिलं. उधाण सात दिवसांवर नाही, सहाच दिवसांवर आलंय. तिसरं वळण गळतंय. भीती वाटते. मला माफ करा, कामाला लागा, विसरून जा. त्यातलं एकही त्यानं बाहेर येऊ दिलं नाही. माफ करा म्हटलं तर त्यांना काहीतरी बोलणं भाग पडलं असतं, आणि त्यांच्याकडून काही वसूल करायला तो आला नव्हता. उपरण्याची टोकं पिळून पिळून दोऱ्या झाल्या.

शिवदासानं कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. त्याची पाठ वळली तेव्हा सदऱ्याच्या फाटक्या जागेतून श्रावणातला व्रण दिसला. धर्माजीनं त्याला हाक मारली नाही.

सदू जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. बाकीचे एकमेकांकडं बघत होते. धर्माजीला वाटलं, गेलं. हेही गेलं. आता बांधावर आपण एकटे.

"उघाडीच्या डाव्या खांबाखालून पाणी फिरतंय," ठमाबाई म्हणाली.

ती वडाकडंच बघत होती. आवाजात राग नव्हता, लोभही नव्हता. सकाळी किती भाकरी भाजल्या ते सांगावं तसं तिनं सांगितलं.

"कधीपासून?" हा शब्द धर्माजीच्या ओठांपर्यंत आला. त्याच्या मागोमाग दुसराही, मग मला का सांगितलं नाही? एवढे दिवस का गप्प बसलीस, काकी, दारं निखळली असती तर? सगळे जण त्याच्या तोंडाकडं बघत होते. सदूची काडी थांबली होती.

"चल काकी," धर्माजी म्हणाला. "दाखव. मी येतो."

ठमाबाई गुडघ्यांवर हात रोवून उठली. "हळू चला. मी काय खेकडा न्हाय तुरुतुरु पळायला."

कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कुणी. धर्माजीला ते टोचलं आणि टोचलं ते त्याला बरं वाटलं.

सदू उठला. काडी टाकली. "तिसऱ्या वळणाचं तसंच हाय," तो धर्माजीकडं न बघता म्हणाला. "आता कोपरापर्यंत हात जातोय. आणि पाचव्याच्या पुढं आणखी दोन जागा हाईत. आधी उघाडी बघा, मग तिकडं या. आमी पेंढा घेऊन पुढं होतो."

उघाडीच्या खांबाखाली बरंच फिरलं होतं. धर्माजी चिखलात कमरेपर्यंत उतरला, हात घालून बघितला, आणि ठमाबाई वरून सांगत होती तसा दगड नि पेंढा ठासत गेला. तिथून तिसऱ्या वळणावर आला तेव्हा सदूच्या माणसांनी खाडीच्या अंगानं बीळ उकरायला घेतलं होतं. बीळ एक नव्हतं, एकातून दुसरं फुटलेलं, तळापर्यंत गेलेलं. धर्माजी रांगेत शिरला. पहिला गोळा त्याच्या हातात आला तेव्हा देणारा काही बोलला नाही. दहाव्या-बाराव्या गोळ्याला मागून कुणीतरी "घे" म्हणालं. सवयीनं. धर्माजीनं "हां" म्हटलं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना त्यानं वळून बघितलं. बांधावर फांद्या उभ्या होत्या. त्यानं मोजल्या. चौदा. एवढ्या त्यानं जन्मात बघितल्या नव्हत्या. चौदा जागा आणि सहा दिवस. पण कालपर्यंतही त्या चौदा जागा होत्याच, फक्त त्याला दिसत नव्हत्या.

दसऱ्यालाही कामाला सुट्टी दिली नाही. दुपारी ओहोटीला बांधावरच एकमेकांना सोनं वाटलं, चिखलाच्या हातांनी आपट्याची पानं. शिवदास रोज येत होता. दोघांचं काम एकटा ओढायचा. त्यानंही सगळ्यांना सोनं दिलं, धर्माजीला नाही. धर्माजीनं आपल्याकडचं पान त्याच्या हातात ठेवलं. त्यानं घेतलं, मुंडाशात खोचलं, आणि परत खोदायला लागला. बोलला नाही. सदू म्हणाला, "त्याला वेळ लागंल, दादा." धर्माजी म्हणाला, "लागू दे."

तेरा फांद्या निघाल्या. चौदावी निघेना. पाचव्या वळणाच्या पुढं एक जागा होती, उकरावं तर खाली नुसती वाळूच लागायची. तिथं आतल्या अंगानं मातीचा भर दिला आणि मागं फळ्या, पेंढा, चिखल तयार ठेवला. याहून जास्त करण्यासारखं हातात काही राहिलं नव्हतं.

कोजागरी उजाडली. सकाळपासून वारा खाडीकडून होता. दोन प्रहरी पाणी बांधाला लागलं आणि चढत राहिलं. अठराच्या अठरा माणसं बांधावर पसरून उभी होती, हाकेच्या अंतरावर. धर्माजी मधोमध. आधी चिखल दिसेनासा झाला, मग तिवरांचे शेंडे तेवढे राहिले, मग तेही गेले. पाणी माथ्यापासून हातभर. मग वीतभर. डाव्या हाताला पिवळट भात वाऱ्यानं हलत होतं आणि ते खाडीच्या पाण्याहून खाली होतं.

पाणी चार बोटांवर आलं. तिथं ते थांबतं की चढतं, हे कळेना.

पाचव्या वळणाकडून हाक आली.

"दादा, इथं फुटतंय बघ. खालून माती येतेय."

आवाज शिवदासाचा होता. बैठकीपासून त्यानं धर्माजीला घातलेली ती पहिली हाक. नुसता घाम नव्हता, पाण्याबरोबर माती येत होती, याहून वाईट खबर बांधावर असत नाही. एरवी धर्माजीच्या तोंडात आधी शिवी आली असती.

"आलो," तो म्हणाला आणि पळत सुटला. "सदू, फळ्या. काकी, उघाडी सोडू नको."

शिवदास शेताच्या अंगाला उतरून पाठ टेकायला निघाला होता. धर्माजी त्याच्या शेजारी उतरला आणि त्यानंही पाठ लावली. गार पाणी दोघांच्या पाठींमधून घुसून खाली वाहत होतं. वरून फळ्या आल्या, त्यामागं पेंढा, त्यामागं गोळे. घे. हां. घे. हां. रांगेत पूर्वीसारखा गलका उठला होता.

"अजून किती वेळ?" शिवदासानं दात आवळून विचारलं.

"ठाऊक न्हाय," धर्माजी म्हणाला. "तुला काय वाटतं?"

शिवदासानं पाठ थोडी सरकवून पाण्याचा जोर अजमावला. जरा वेळानं परत अजमावला.

"तेवढंच हाय," तो म्हणाला. "वाढत न्हाय."